भाव उतरतात, हप्ता उतरत नाही: कोल्हापूरच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांस खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष आणि संचालक भगिनी-बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या छोट्या फौंड्र्यांचे हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय. दर महिन्याला तुमच्या शाखांत जी स्टॉक स्टेटमेंट येतात, त्यातली काही माझ्या टेबलावरून येतात. कर्जदाराची आणि बँकेची, दोन्ही बाजूंची आकडेमोड रोज डोळ्यांखालून जाते, म्हणून हे पत्र लिहायचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

आपली कर्ज देण्याची आणि वसूल करण्याची सगळी रीत महागाईच्या काळात घडलेली आहे. महागाईत वेळ कर्जदाराच्या बाजूने असतो. पाच वर्षांपूर्वी जड वाटलेला हप्ता आज सोपा जातो, कारण मालाचा भाव वाढलेला असतो आणि हप्त्याचा आकडा तोच राहिलेला असतो. त्यामुळे जो थकला त्याच्यात काहीतरी खोट असणार, असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही निघते. भाव उतरू लागले की मात्र हे गणित उलटे फिरते. तेव्हा प्रामाणिकपणे काम करणारा, तेवढाच माल काढणारा माणूसही थकतो, आणि आपली नेहमीची वसुली त्याला सावरण्याऐवजी आणखी खाली ढकलते. हे कसे घडते ते शेवटपर्यंत मांडतो. वाचायला थोडा वेळ लागेल, तो द्यावा ही विनंती.

आधी एक खुलासा. देशात चलनघट आली आहे, असे मी म्हणत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता आणि खाद्यपदार्थांच्या किमती वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी उतरल्या होत्या. म्हणून सगळ्याच किमती घसरत होत्या असे नाही. भाजीपाला आणि डाळी स्वस्त झाल्या, काही वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला, आणि सोन्याने मात्र कळस गाठला. महागाईचा वेग मंदावणे वेगळे आणि बहुतेक वस्तूंच्या किमती वर्षानुवर्षे खाली जात राहणे वेगळे. पण देशाचा निर्देशांक शून्याच्या वर असला तरी एखाद्या धंद्याचा भाव खाली असू शकतो, आणि कर्जदाराच्या दृष्टीने त्याच्या स्वतःच्या मालाचा भाव हाच खरा निर्देशांक. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळवाल्याला दिल्लीत टोमॅटो काय भावाने गेला याचे सोयरसुतक नसते. गुळाचा भाव क्विंटलला ४,००० रुपये असताना त्याने चार लाख उचलले, म्हणजे शंभर क्विंटल गूळ देणे झाले. भाव ३,५०० वर आला की तेच कर्ज ११४ क्विंटलांचे होते. त्याने एक रुपया जादा घेतलेला नाही, तरी चौदा क्विंटल गूळ त्याच्या डोक्यावर वाढला. व्याज अजून धरलेलेच नाही.

आता फौंड्रीकडे येतो, कारण तिथे ही गोष्ट आणखी खोल जाते. आकडे मी समजण्यासाठी गोल केले आहेत, कुणा एकाचे नाहीत. पण एमआयडीसीतल्या कोणत्याही मालकाला ते ओळखीचे वाटतील.

महिन्याला ३० टन कास्टिंग काढणारा कारखाना धरू. किलोला १०० रुपये दर, म्हणजे विक्री ३० लाख. त्यातले १७ लाख स्क्रॅप, पिग आयर्न आणि बाकीच्या धातूवर जातात, साडेचार लाख वीजबिल, चार लाख पगार आणि ठेकेदार, दोन लाख वाळू, वाहतूक, देखभाल. शिल्लक अडीच लाख. भट्टीसाठी घेतलेले ५० लाखांचे मुदत कर्ज, १२ टक्के, पाच वर्षे. त्याचा हप्ता १ लाख ११ हजार. वर साठा आणि येण्यांच्या तारणावरची ४५ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, तिचे ११ टक्क्यांनी महिन्याचे व्याज साधारण ४१ हजार. सगळे देऊन मालकाच्या हातात ९८ हजारांच्या आसपास उरतात. त्यात घर चालते, मुलांच्या फिया भरल्या जातात.

आता भाव दहा टक्क्यांनी उतरतात. कास्टिंग ९० रुपयांवर आले, स्क्रॅपही दहा टक्क्यांनी स्वस्त झाले. वरवर पाहता हिशोब बरोबरीचा वाटतो. पण धातूमध्ये किलोमागे पावणेसहा रुपयांच्या आत बचत झाली आणि विक्रीचा दर मात्र दहा रुपयांनी गेला. वीजदर उतरत नाही. मोल्डरची मजुरी उतरत नाही, आणि उतरवूही नये. महिन्याची विक्री २७ लाख, खर्च २५ लाख ८० हजार, शिल्लक १ लाख २० हजार. दहा टक्के भाव गेला आणि शिल्लक निम्म्याहून खाली आली. हप्ता आणि सीसीचे व्याज मिळून दीड लाखाच्या वर. म्हणजे दरमहा सुमारे ३२ हजारांची तूट, आणि त्यात घरखर्चाचा एक पैसाही नाही. टन तेवढेच निघाले, रिजेक्शन वाढले नाही, कामगार रजेवर गेले नाहीत. मालकाचे काहीही चुकलेले नाही.

हा आकडा दुसऱ्या मापाने बघितला तर अधिक बोलका होतो. आधी किलोमागे आठ रुपये तेहेतीस पैसे उरत होते, म्हणून मुदत कर्जाचा हप्ता साधारण सव्वातेरा टन मालाच्या शिलकीतून निघायचा. आता किलोमागे चारच रुपये उरतात, तेव्हा त्याच हप्त्याला जवळजवळ २८ टन माल लागतो. कारखाना काढतो ३० टन.

इथपर्यंत कर्जाच्या ओझ्याची गोष्ट झाली. आता खर्च कसा गोठतो ते बघा, कारण वरच्या हिशोबात मी गृहीत धरले की माल तेवढाच विकला जातो. तसे होत नाही.

पंप बनवणाऱ्या एका गिऱ्हाईकाला महिन्याला ३० टन कास्टिंग लागते आणि तो गोदामात महिनाभराचा, म्हणजे ३० टनांचा साठा ठेवतो. भाव वाढत असताना हा साठा त्याला फायद्याचा असतो. आज घेतलेला माल उद्या महाग होणार, तेव्हा तो चार टन जादाच उचलतो. भाव उतरताना हाच साठा रोज पैसे खातो. खरेदी विभागातला माणूस शहाणा असतो. तो ठरवतो की आता पंधराच दिवसांचा माल ठेवायचा. तो आपल्या जागी अगदी बरोबर असतो. पण साठा ३० टनांवरून १५ वर आणायचा म्हणजे त्या महिन्यात तो फक्त १५ टन घेणार. एकाही शेतकऱ्याने पंप कमी घेतलेला नाही, पंप कारखाना तेवढेच पंप बनवतोय, तरी फौंड्रीचे शेड्यूल निम्मे होते. फौंड्री घाबरून स्क्रॅपची खरेदी थांबवते. स्क्रॅपवाला घाबरून भाव तोडतो. भाव तुटला की पंपवाल्या खरेदी अधिकाऱ्याला वाटते, आपला अंदाज खरा ठरला, अजून थांबू. ‘पुढच्या महिन्यात रेट रिव्हाईज होणारच आहे, तोवर निम्मंच पाठवा,’ असा निरोप मी किती मालकांच्या फोनवर वाचला आहे! या एका वाक्यात चलनघटीचे अर्धे शास्त्र आहे.

ही थांबण्याची वृत्ती सगळीकडे सारखी नसते, हेही सांगितले पाहिजे. भाजी स्वस्त होणार म्हणून कुणी आज उपाशी राहत नाही. मोबाईल दर वर्षी स्वस्त आणि चांगला होतो, तरी लोक तो घेतातच. गोठतात त्या तीन गोष्टी: व्यापाऱ्याचा साठा, कारखान्याची नवी यंत्रे आणि घरातली मोठी खरेदी, म्हणजे घर, गाडी वगैरे. यातल्या यंत्रांचे सर्वांत वाईट होते. नवी इंडक्शन भट्टी बसवायचा विचार करणारा मालक १२ टक्क्यांचे कर्ज काढणार, आणि तिच्यातून निघणाऱ्या मालाचा भाव दर वर्षी पाच टक्के उतरणार असेल, तर त्याच्या खिशातून जाणारे खरे व्याज सतरा टक्क्यांच्या घरात जाते. त्याच १२ टक्क्यांनी भाव पाच टक्के वाढत असताना खरे व्याज सातच्या आसपास असते. कागदावरचा दर दोन्ही वेळा सारखाच, पण एकदा भट्टी बसते आणि एकदा बसत नाही. आणि भट्टी बसली नाही की तिचे पत्रे, केबल, फाउंडेशन, फॅब्रिकेशन करणाऱ्या पाच-सात वर्कशॉपना काम मिळत नाही.

आता तुमच्या टेबलावर येतो. या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

सीसीची ड्रॉइंग पॉवर कशी निघते हे तुम्हाला सांगायला नको, पण बाकीचे वाचकही असतील म्हणून लिहितो. उधारीवर आणलेला माल वगळून कारखान्यातला साठा आणि नव्वद दिवसांच्या आतली येणी यांची बेरीज करायची, त्यातून पंचवीस टक्के मार्जिन काढायचे. उरते तेवढेच पैसे कर्जदार वापरू शकतो. आपल्या कारखान्याचा साठा २० लाख आणि येणी ४० लाख होती, म्हणून ड्रॉइंग पॉवर ४५ लाख. मालकाने ती पुरती वापरलेली आहे.

भाव उतरल्यावर साठ्याची किंमत १८ लाख झाली. गिऱ्हाईकही याच ताणात आहे, तो पैसे उशिरा देतो, आणि सहा लाखांची बिले नव्वद दिवसांच्या पलीकडे गेली. ती मोजता येत नाहीत. उरली येणी ३४ लाख. साठा आणि येणी मिळून ५२ लाख, मार्जिन काढून ३९ लाख. नव्या बिलांचा दर उतरल्याचा परिणाम मी इथे धरलेलाच नाही. शाखेतला अधिकारी नियमाप्रमाणे कळवतो की खात्यात सहा लाख जादा उचल आहे, ती भरा.

ज्याला महिन्याला ३२ हजार कमी पडतात, तो सहा लाख आणणार कुठून? एकच वाट दिसते, ती म्हणजे साठा विकणे. सहा लाखांचा माल घाईने काढला, साडेपाच लाख आले, ते खात्यात भरले. मालकाला वाटते, सुटलो. आता पुन्हा हिशोब करा. उचल ४५ वरून साडेएकोणचाळीस लाखांवर आली. पण साठा १८ वरून १२ लाखांवर आला, येणी ३४ लाख, बेरीज ४६, मार्जिन काढून ड्रॉइंग पॉवर साडेचौतीस लाख. जादा उचल अजून पाच लाख आहे! साडेपाच लाख भरले आणि जादा उचल फक्त एक लाखाने कमी झाली. कारण जो माल विकून पैसे भरले, त्याच मालावर बँकेने पैसे दिलेले होते. वर पुढच्या महिन्याच्या उत्पादनाला लागणारा कच्चा माल गेला तो गेलाच.

एकाच कारखान्याने हे केले असते तर त्याचे दुखणे त्याच्यापुरते राहिले असते. पण त्याच महिन्यात शेजारच्या गाळ्यातल्या मालकालाही तशीच नोटीस गेलेली असते, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतही गेलेली असते. सगळे एकदम माल काढतात. भाव आणखी पडतो. ज्यांनी काहीच विकले नाही त्यांच्याही साठ्याची किंमत पुढच्या स्टेटमेंटमध्ये उतरते, आणि ज्यांच्या खात्यात कालपर्यंत सगळे सुरळीत होते त्यांना नवी नोटीस जाते. प्रत्येक शाखाधिकारी आपल्या खात्यापुरता बरोबर वागलेला असतो. सगळे मिळून मात्र स्वतःच्याच तारणाची किंमत पाडत असतात.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये, महामंदी डोळ्यांसमोर चालू असताना, हीच साखळी मांडली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे १९३३ च्या मार्चपर्यंत अमेरिकेत लोकांनी आपली सुमारे वीस टक्के कर्जे फेडून टाकली होती. पण भाव इतके पडले होते की एका डॉलरमध्ये पूर्वीपेक्षा सुमारे पाऊणपट जास्त माल येत होता. त्यामुळे मालाच्या मापात उरलेले कर्ज कमी व्हायच्या ऐवजी चाळीस टक्क्यांनी वाढले होते. शंभरातले ऐंशी उरले, पण ते पूर्वीच्या एकशे चाळीसांएवढे जड झाले. आपल्या फौंड्रीच्या साडेपाच लाखांचे जे झाले, तेच एका देशाचे झाले.

आणि हे अमेरिकेपुरते नव्हते. आपल्याकडे कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३३ मध्ये ८७ वर आला. रुपयाचा दर १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सांना बांधलेला होता आणि तो टिकवण्यासाठी सरकारने चलन आवळले, त्यामुळे घसरण थोपवायला इथे कुणी हात लावू शकले नाही. मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९३१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ग्रामीण कर्जाचा अंदाज ९०० कोटी रुपये दिला होता. नवे कर्ज एक रुपयाचे न घेताही, नुसत्या भावाच्या घसरणीने १९२९ चे शंभर रुपयांचे देणे १९३३ पर्यंत एकशेबासष्टांएवढे जड झाले. शेतसारा रोखीत ठरलेला, सावकाराचे व्याज रोखीत ठरलेले, आणि पिकाचा भाव निम्म्याच्या आसपास. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडल्यावर सोन्याचा रुपयातला भाव वाढला आणि खेड्यापाड्यांतून दागिने विकायला निघाले. वर्षानुवर्षे सोने आयात करणारा देश सोने बाहेर पाठवू लागला. त्यातले कितीतरी सोने देणी भागवण्यासाठी बायकांच्या अंगावरून उतरलेले होते. शेवटी मुंबई प्रांताला १९३९ मध्ये शेतकरी कर्जदारांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, तो कायदा आपल्याला लागू नव्हता, पण बाजार सगळ्यांचा एकच होता. कर्ज कमी करायला कायदा लागला, आणि तो यायला दहा वर्षे गेली, याचा मला आजही राग येतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भाव उतरले म्हणजे कर्जदाराचे जे गेले ते ठेवीदाराला मिळाले, मग एकूण बेरीज तीच ना? निवृत्त शिक्षकाची पतसंस्थेतली दोन लाखांची ठेव आता जास्त माल घेऊ शकते, त्याचे भलेच झाले. त्याचे भले झाले हे खरे, आणि मला त्याचा आनंद आहे. पण कर्जदार आणि ठेवीदार पैसे सारख्या प्रमाणात खर्च करत नाहीत. फौंड्रीमालकाला ३२ हजारांची तूट आली की तो त्याच महिन्यात दुसरी पाळी बंद करतो, ठेकेदाराची दहा माणसे कमी करतो. त्या दहा घरांत दसऱ्याची खरेदी राहून जाते, गाडीचे बुकिंग रद्द होते. निवृत्त शिक्षक मात्र आपली ठेव जास्त मोलाची झाली म्हणून दुसरी मोटारसायकल घेत नाही. तो मुदत संपल्यावर ठेव पुन्हा ठेवतो, आणि वातावरण बरे दिसत नाही म्हणून थोडी जास्तच ठेवतो. एका बाजूचा खर्च जेवढा घटला तेवढा दुसऱ्या बाजूचा वाढत नाही. मधली तफावत म्हणजे बाजारात न आलेले गिऱ्हाईक.

शिवाय पतसंस्था स्वतःच कर्जदार आहे, हे तुमच्याइतके कुणाला माहीत असणार? ठेवीदाराचे पैसे तुम्ही रुपयांत देणे लागता. तेव्हा माफी द्या, सोडून द्या, असे मी कधीच म्हणणार नाही. ती ठेवीदाराच्या पैशाची उधळपट्टी होईल.

मागणे आहे ते वेगळे. थकण्याच्या वाटेवरचे खाते पुढ्यात आले की आधी एक गोष्ट तपासा: टन कमी झाले की दर कमी झाला? त्यासाठी कर्जदाराच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. बारा महिन्यांची वीजबिले मागवा. युनिट तेवढीच आहेत आणि जीएसटी विवरणातली विक्री उतरली आहे, तर माणूस काम करतोय आणि भाव पडलाय. युनिटही निम्मी झाली असतील, तर मग शेड्यूल गेले, मशीन बंद पडले की पैसा दुसरीकडे वळवला, ते शोधावे लागेल. दोन्ही खात्यांची थकबाकी कागदावर सारखी दिसते, पण त्यांना एकच औषध चालत नाही. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक कर्जदाराचा हप्ता किती टन मालाच्या शिलकीतून निघतो, हा एक आकडा फाइलवर लिहून ठेवला तरी सव्वातेरावरून वीसवर जाताना तो दिसेल. अठ्ठावीसवर गेल्यावर दिसून उपयोग नाही.

ज्याचा नुसता भाव पडला आहे, त्याची ड्रॉइंग पॉवर कमी झाल्याची सहा लाखांची तफावत एकदम मागू नका. खाते अनुत्पादक व्हायच्या आत, नव्वद दिवसांची घंटा वाजायच्या आधी, नियमात बसेल त्या पद्धतीने ती हप्त्यांत बांधून द्या. त्याने कच्चा माल विकून पैसे आणले तर तुमचेच तारण हलके होते, हे वर पाहिलेच.

मुदत कर्जाबद्दलही एक हिशोब पुढे ठेवतो. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. पतसंस्थांच्या कर्जापर्यंत अशी कपात आपोआप पोचत नाही. पण समजा पोचली आणि वरच्या कर्जाचा दर १२ चा ११ झाला, तर हप्ता केवळ अडीच हजारांनी कमी होतो. मुदत पाचाऐवजी सात वर्षे केली, तर दर तोच ठेवूनही हप्ता १ लाख ११ हजारांवरून ८८ हजारांवर येतो आणि महिन्याची ३२ हजारांची तूट साडेनऊ हजारांपर्यंत खाली येते. बँकेचे मुद्दल बुडत नाही, व्याजही पुरे मिळते. अर्थात पुनर्बांधणीचे वर्गीकरण आणि तरतुदीचे नियम कडक आहेत, म्हणूनच हे खाते चांगले असताना करायचे असते. आणि हा उपाय सगळ्यांसाठी नाही. ज्या मालाला आता मागणीच उरलेली नाही, तिथे मुदत वाढवणे म्हणजे बुडणे दोन वर्षे लांबवणे. ते तुम्ही ओळखायचे आहे, आणि वीजबिलाची युनिट त्यातही मदत करतील.

शेवटचे मागणे तुम्हा सगळ्यांना मिळून आहे, एकेकट्या संस्थेला नाही. सहकार कायद्यातल्या कलम १०१ चे वसुली दाखले आणि सरफेसी कायद्याखालच्या तारणाच्या जप्त्या जेव्हा एकाच औद्योगिक वसाहतीत, एकाच प्रकारच्या यंत्रांवर, एकाच तिमाहीत येतात, तेव्हा लिलावात भट्टीला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण जो घेऊ शकला असता तोही दुसऱ्या संस्थेच्या नोटिशीत अडकलेला असतो. भट्टी निम्म्या किमतीला जाते. पुढच्या वर्षी मूल्यांकनकार तीच किंमत दाखला म्हणून धरतो आणि तुमच्या चालू, नियमित कर्जदारांच्या तारणाची किंमतही खाली लिहितो. जपानमध्ये १९९० च्या दशकात जमिनीचे भाव पडल्यावर कंपन्यांनी वर्षानुवर्षे मिळेल तो पैसा कर्ज फेडण्यात घातला, नवी गुंतवणूक आटली, आणि किमती दरसाल थोड्याशाच, पण पुष्कळ वर्षे उतरत राहिल्या. मध्यवर्ती बँकेने १९९९ मध्ये व्याजदर शून्यावर नेला, २००० मध्ये सगळे ठीक झाले समजून वाढवला आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. शून्याखाली दर नेणे जिथे एवढे अवघड, तिथे कर्ज देणाऱ्यांच्या ताळमेळालाच महत्त्व येते. तो ताळमेळ एका जिल्ह्याच्या पातळीवर तरी तुमच्या हातात आहे.

म्हणून विनंती अशी की जिल्ह्यातल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांनी मिळून फौंड्री, यंत्रमाग आणि गूळ या तीन धंद्यांपुरती एक साधी बैठक दर तिमाहीला घ्यावी. इचलकरंजीच्या सुताचा आणि कापडाचा, मार्केट यार्डातल्या गुळाचा, शिरोलीच्या स्क्रॅपचा आणि कास्टिंगचा दर त्या बैठकीत समोर ठेवावा. ज्या धंद्याचा भाव सलग दोन तिमाह्या उतरला असेल, त्यातल्या लिलावांच्या तारखा एकमेकांना विचारून लावाव्यात, एकाच पंधरवड्यात चार भट्ट्या बाजारात आणू नयेत. वसुलीचा अधिकार कुणी सोडायचा नाही, फक्त तारखा मागेपुढे करायच्या. पहिल्या बैठकीसाठी लागणारे दरपत्रक मागची काही वर्षे धरून तयार करून द्यायला मी आणि माझे काही समव्यवसायी तयार आहोत. त्याचे शुल्क आम्हाला नको.

आपला नम्र,
शिरोलीच्या फौंड्र्यांचे हिशेब लिहिणारा एक लेखापाल,
कोल्हापूर